पैसे भरलेला रेझ्युमे नेमका कुठे दिसतो?

जॉब पोर्टलची मुख्य कमाई नोकरी शोधणाऱ्यांकडून होत नाही, माणसे शोधणाऱ्यांकडून होते. १९९७ साली सुरू झालेल्या नौकरी डॉट कॉमवर कंपन्या आणि भरती एजन्सी जाहिराती टाकण्यासाठी पैसे मोजतात. ‘रेझडेक्स’ नावाच्या तिथल्या रेझ्युमेसाठ्यात हवा तसा उमेदवार शोधण्यासाठीही त्यांना पैसे भरावे लागतात. उमेदवाराला मात्र नाव नोंदवणे, रेझ्युमे चढवणे आणि अर्ज करणे मोफत असते. त्याच्याकडून पैसे घेणारी सेवा वेगळी असते. नौकरीवर ती ‘फास्टफॉरवर्ड’ या नावाने ओळखली जाते, लिंक्डइनवर ‘प्रीमियम करिअर’ या नावाने. पोर्टल कोणतेही असो, अशा योजनेत साधारण तीन गोष्टी विकल्या जातात: रेझ्युमे ठळक दाखवणे, रिक्रूटरच्या नजरेत आणणे आणि अर्जांची किंवा संदेशांची मर्यादा वाढवून देणे. या तिन्हींचे मोल समजायचे असेल, तर रिक्रूटरच्या पडद्यावर काय घडते ते आधी पाहायला हवे.

रिक्रूटर रेझ्युमेसाठ्यात शिरतो तेव्हा त्याच्यासमोर सगळे उमेदवार उभे नसतात. तो आधी चाळणी लावतो. कामाशी संबंधित कीवर्ड, अनुभवाची वर्षे, शहर, सध्याचा पगार, नोटिस पीरियड आणि उमेदवार शेवटचा कधी सक्रिय होता, एवढ्या गोष्टी भरल्या की लाखोंच्या साठ्यातून काहीशे नावे उरतात. ही यादी जुळणीच्या किंवा ताजेपणाच्या क्रमाने लागते. रिक्रूटर ती वरून खाली वाचत जातो आणि पुरेसे लोक मिळाले की थांबतो. म्हणजे उमेदवाराला दोन दारे ओलांडावी लागतात. पहिले चाळणीचे, दुसरे क्रमाचे. रेझ्युमे ठळक करण्याची सेवा फक्त दुसऱ्या दारापाशी उपयोगी पडते. यादीत असलेल्याला ती वर नेते किंवा ‘फीचर्ड’सारखे लेबल लावून उठून दिसायला लावते. जो चाळणीतच गळला, त्याच्या नावापुढे लेबल लावायला जागाच उरत नाही. योजनेच्या जाहिरातीत ही गोष्ट सहसा ठळकपणे सांगितलेली नसते, आणि पैसे वाया जाण्याचे सर्वांत मोठे कारण नेमके हेच आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पुण्यातली एक अकाउंटंट. चार वर्षांचा अनुभव, टॅली उत्तम येते, दर महिन्याची जीएसटी विवरणपत्रे आणि टीडीएसचे काम तीच करते. चाकणच्या एका कारखान्याला अशीच व्यक्ती हवी आहे. तिथला रिक्रूटर ‘जीएसटी’, ‘टीडीएस’, ‘टॅली’ असे कीवर्ड टाकतो. तीन ते सहा वर्षांचा अनुभव, पुणे शहर आणि तीस दिवसांच्या आतला नोटिस पीरियड अशा अटी लावतो. आणि गेल्या पंधरा दिवसांत सक्रिय असलेलेच उमेदवार मागवतो. अकाउंटंटच्या रेझ्युमेत लिहिले आहे, ‘कंपनीच्या सर्व करविषयक कामांची जबाबदारी सांभाळली.’ वाक्यात खोटे काही नाही, पण त्यात ‘जीएसटी’ हा शब्द नाही आणि ‘टीडीएस’ही नाही. नोटिस पीरियडचा रकाना तिने दोन वर्षांपूर्वी भरला तेव्हा तीन महिने होता; नव्या कंपनीत तो एक महिन्यावर आला, पण प्रोफाइलमध्ये जुनाच आकडा राहिला. शिवाय महिनाभर तिने पोर्टल उघडलेले नाही. या शोधात ती तीन वेगवेगळ्या ठिकाणी गळते. तिने ठळक रेझ्युमेची सहा महिन्यांची योजना विकत घेतली असती, तरी त्या रिक्रूटरला ती दिसली नसती. उलट, ‘दरमहा जीएसटी विवरणपत्रे भरणे, टीडीएस कपात व भरणा, टॅलीत हिशेब’ अशी ओळ लिहिली, नोटिस पीरियड दुरुस्त केला आणि आठवड्यातून एक-दोनदा लॉगिन केले, तर ती यादीत येते, आणि त्यासाठी एक रुपयाही लागत नाही. त्यानंतरच यादीतले स्थान वर सरकवण्यासाठी पैसे द्यावेत का, हा प्रश्न अर्थपूर्ण होतो.

यादीत आपण येतो की नाही, हे उमेदवाराला घरबसल्या तपासता येते. नौकरीच्या प्रोफाइलवर ‘सर्च अपिअरन्सेस’ आणि ‘रिक्रूटर अॅक्शन्स’ असे दोन आकडे दिसतात. पहिला सांगतो की किती शोधांच्या निकालांत नाव आले, दुसरा सांगतो की रिक्रूटरने त्यापुढे काही हालचाल केली का. लिंक्डइनवरही शोधात किती वेळा आलो याचा आकडा मिळतो. हे आकडे एकत्र वाचायचे असतात. शोधातच नाव येत नसेल, तर दोष कीवर्डमध्ये, भरलेल्या रकान्यांत किंवा जुन्या पडलेल्या प्रोफाइलमध्ये आहे. शोधात नाव भरपूर येते पण रिक्रूटर पुढे जात नाही, असे असेल तर यादीत दिसणारी शीर्षकओळ, पदनाम किंवा अपेक्षित पगार त्याला थांबवत असावा; किंवा नाव इतके खाली असावे की तिथवर कोणी पोहोचत नाही. ठळक रेझ्युमेचा फायदा होण्याची शक्यता या शेवटच्या स्थितीतच आहे. फोन येतात, मुलाखती होतात, पण नोकरी लागत नाही, अशा वेळी दृश्यता विकणारी योजना काहीच करू शकत नाही. योजना घेण्याआधी दोन-तीन आठवडे हे आकडे लिहून ठेवले आणि घेतल्यावर तेवढेच दिवस पुन्हा लिहिले, तर पैशाचा परिणाम झाला की नाही ते कळते. त्या काळात रेझ्युमेत मात्र दुसरा बदल करू नये, नाहीतर फरक कशामुळे पडला ते सांगता येणार नाही.

जाहिरातीला केलेल्या अर्जाचे गणित थोडे निराळे आहे. तिथे रिक्रूटर साठ्यात शोधत नाही, आलेले अर्ज पाहतो. ‘प्रायॉरिटी अॅप्लिकंट’ प्रकारची सेवा घेतलेल्यांचे अर्ज त्या ढिगात वर दाखवले जातात. पण इथेही अर्जासोबत विचारलेल्या प्रश्नांची चाळणी असतेच. ‘एसएपीचा अनुभव आहे का?’ याला ‘नाही’ म्हणणारा उमेदवार ती अट सक्तीची असेल तर वर असूनही बाजूला पडतो. शिवाय एकाच जाहिरातीला अर्ज करणाऱ्या पंचवीस जणांनी हीच सेवा घेतली असेल, तर ‘वर’ या शब्दाचा अर्थ पंचविसांतला एक एवढाच उरतो. ज्या पदांसाठी अर्ज थोडे येतात तिथे रिक्रूटर सगळेच वाचतो, म्हणून प्राधान्याचा उपयोग कमी. जिथे शेकडो अर्ज येतात आणि पहिल्या काही पानांपलीकडे कोणी जात नाही, तिथे तो जास्त. जाहिरात निघाल्याच्या पहिल्या दिवशी केलेला मोफत अर्ज दहाव्या दिवशी केलेल्या प्राधान्याच्या अर्जाहून बरेचदा सरस ठरतो, कारण दहाव्या दिवसापर्यंत अनेक रिक्रूटरांनी मुलाखतीची यादी बनवलेली असते.

आता मासिक मर्यादा. मर्यादा घालण्यामागे पोर्टलचे स्वतःचे कारण आहे. अर्ज करणे एका बोटाचे काम झाले की माणसे न वाचता अर्ज टाकतात. रिक्रूटरकडे निरुपयोगी अर्जांचा ढीग साचतो आणि पैसे देणारा तोच असल्याने त्याची नाराजी पोर्टलला परवडत नाही. म्हणून काही ठिकाणी मोफत खात्याला अर्जांचा कोटा असतो आणि पैसे भरल्यावर तो वाढतो. लिंक्डइनच्या प्रीमियम करिअरमध्ये मर्यादा अर्जांपेक्षा संदेशांवर आहे. ओळख नसलेल्या व्यक्तीला थेट पाठवायचे ‘इनमेल’ महिन्याला पाच मिळतात. न वापरलेले पुढच्या महिन्यात जमा होतात, पण ठरावीक मर्यादेपर्यंतच. समोरच्याने ९० दिवसांत उत्तर दिले, तर खर्च झालेला इनमेल परत मिळतो. या नियमामुळे दहा जणांना एकच साचेबंद मजकूर पाठवणारा महाग ठरतो आणि नेमक्या माणसाला नेमके लिहिणारा स्वस्त. फ्रीलान्स कामांच्या अपवर्क या संकेतस्थळावर प्रत्येक प्रस्तावासाठी ‘कनेक्ट्स’ नावाचे गुण खर्च होतात, आणि आणखी कनेक्ट्स लावून प्रस्ताव वर दाखवण्याची बोलीही लावता येते. तिथे मर्यादा आणि ठळकपणा ही एकाच चलनाची दोन रूपे झाली आहेत.

कोटा विकत घेण्याआधी त्याची मोजणी कशी होते ते पाहणे गरजेचे असते. उरलेले अर्ज महिन्याअखेरीस रद्द होतात की पुढे चालतात, कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर नेणारे अर्ज त्यात धरले जातात का आणि बंद झालेल्या जाहिरातीला गेलेला अर्ज परत मिळतो का, या तीन प्रश्नांची उत्तरे अटींच्या पानावर शोधावीत. वरच्या अकाउंटंटला महिन्याला पुण्यात तिच्या कामाच्या, पगाराच्या आणि अंतराच्या अटीत बसणाऱ्या पंधरा-वीस जाहिराती दिसत असतील, तर शंभर अर्जांचा कोटा तिच्या काही कामाचा नाही. देशभर कुठेही जायला तयार असलेल्या नव्या पदवीधराचे गणित वेगळे येऊ शकते, पण त्यानेही आधी मोफत कोटा खरोखर कोणत्या तारखेला संपतो ते पाहावे.

दृश्यता वाढली की ती सगळ्यांसाठी वाढते, हे नोकरीत असलेल्यांनी विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. स्वतःच्या कंपनीचा मनुष्यबळ विभागही त्याच साठ्यात शोध घेत असू शकतो. म्हणून योजना सुरू करण्याआधी प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन सध्याच्या कंपनीला, आणि तिच्या वेगळ्या नावाच्या उपकंपन्या असतील तर त्यांनाही, ब्लॉक करावे. फोन नंबर जास्त लोकांना दिसू लागला की विमा, कर्ज आणि प्रशिक्षण वर्गांचे फोनही वाढतात. केवळ पोर्टलसाठी वेगळा ईमेल ठेवला तर निदान मेलचा त्रास आवरता येतो.

याच वाटेने भामटेही येतात. पोर्टलचा प्रतिनिधी असल्याचे सांगून कोणी मुलाखतीची फी, कागदपत्र तपासणीचे शुल्क किंवा परत मिळणारी अनामत मागितली, तर ती फसवणूक समजावी. खरी योजना उमेदवाराच्या स्वतःच्या खात्यात लॉगिन करून घेता येते, तिची पावती मिळते आणि तिच्या अटींत नोकरीची हमी नसते. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम अडवण्याची शक्यता कमी. केंद्र सरकारचे २०१५ साली सुरू झालेले नॅशनल करिअर सर्व्हिस आणि राज्य सरकारचे महास्वयम् या पोर्टलांवर उमेदवाराला नोंदणीसाठी पैसे द्यावे लागत नाहीत. त्यांच्या नावाने फी मागणारा माणूस खोटाच.

राहिला पैशाचा व्यवहार. जाहिरातीतल्या किमतीवर १८ टक्के जीएसटी लागून बिल वाढते का, ते पैसे भरण्याच्या पानावर दिसते. मासिक योजना बहुधा आपोआप पुढे चालू राहते. कार्ड किंवा यूपीआयवरून अशी वारंवार कपात होणार असेल, तर ती होण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना मिळायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मोफत चाचणी महिना घेतला असेल तर संपण्याच्या दोन दिवस आधी पोर्टलच्या खात्यातून योजना रद्द करावी. यूपीआय वापरले असेल, तर त्या अॅपमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन परवानगीही काढून टाकावी. नुसते पोर्टलचे अॅप फोनवरून काढल्याने कपात थांबत नाही.