महोत्सवानंतर माहितीपट सापडावा कसा?

लघु माहितीपट तयार झाला की काही काळ महोत्सवांतून फिरतो. आधीच सर्वांसाठी खुला झालेला चित्रपट अनेक महोत्सव घेत नाहीत, म्हणून तोवर तो पासवर्ड लावलेल्या लिंकमागे राहतो. महोत्सव आटोपले की दिग्दर्शक तो यूट्यूबवर खुला करतो. आता त्याला प्रेक्षक मिळायचा, तो वेगळ्या वाटेने. महोत्सवात निवड समितीने चित्रपट पारखलेला असतो आणि प्रेक्षक वेळापत्रक पाहून सभागृहात येतो. इथे मात्र कुणीतरी शोधचौकटीत दोन-तीन शब्द टाईप करतो आणि समोर आलेल्या यादीतून निवडतो. त्या यादीत आपला चित्रपट असेल की नाही, हे बऱ्याच अंशी त्याच्यासोबत लिहिलेल्या मजकुरावर ठरते. शीर्षक, सारांश, श्रेयनामावली आणि विषय सांगणारे शब्द मिळून बनलेल्या या मजकुराला मेटाडेटा म्हणतात.

एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, पेणजवळच्या खाडीकाठी मीठ पिकवणाऱ्या एका आगरी कुटुंबावर २२ मिनिटांचा माहितीपट केला आहे आणि त्याचे नाव आहे ‘मिठागर’. महोत्सवाच्या पुस्तिकेसाठी त्याचा सारांश असा लिहिला होता: ‘समुद्र, श्रम आणि स्मृती यांच्या सीमेवर जगणाऱ्या माणसांचा काव्यात्म शोध.’ निवड समितीपुढे हे वाक्य चालून गेले, कारण चित्रपट तिच्या समोरच होता. यूट्यूबवर हेच वाक्य निरुपयोगी ठरते. मीठ, पेण, खाडी, आगरी, हंगाम यांपैकी एकही शब्द त्यात नाही. मीठ कसे तयार होते हे शोधणारा विद्यार्थी किंवा आपल्या आजोळच्या मिठागराचे काही मिळते का हे पाहणारी मुलगी यांच्यापर्यंत ते वाक्य चित्रपट नेणार नाही.

नवा सारांश असा लिहिता येईल: ‘पेणजवळच्या खाडीकाठी एक आगरी कुटुंब आजही मीठ पिकवते. उधाणाचे पाणी आत घेण्यापासून पावसाळ्याआधी मीठ उचलण्यापर्यंतचा एक हंगाम या माहितीपटात दिसतो. धाकटा मुलगा नोकरीसाठी पनवेलला निघाला आहे. पुढच्या हंगामात बांधावर कोण उभे राहणार, हा घरातला प्रश्न आहे.’ कुठे, कोण, काय काम आणि पेच कोणता, हे चारही यात आले. शेवट मात्र सांगितला नाही.

यूट्यूबच्या वर्णनात ५,००० अक्षरे मावतात, पण ‘आणखी’वर बोट ठेवण्याआधी पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात. नेमक्या त्याच जागी अनेकजण महोत्सवांची आणि पुरस्कारांची यादी देतात. ती यादी जरूर द्यावी, पण खाली. वरच्या ओळी चित्रपटात काय आहे ते सांगण्यासाठी ठेवाव्यात. शीर्षकाची मर्यादा १०० अक्षरांची आहे आणि फोनवर त्यातलाही शेवट कापला जातो. म्हणून ‘मिठागर : पेणच्या खाडीकाठचा मिठाचा हंगाम, माहितीपट’ अशा शीर्षकात नाव आणि विषय आधी यावेत.

दुसरा भाग श्रेयनामावलीचा. चित्रपटाच्या शेवटी वर सरकणारी नावे म्हणजे चित्रातली अक्षरे, आणि शोधयंत्र ती वाचेल याची खात्री नसते. म्हणून सगळी नावे वर्णनात टाईप करावी लागतात. तिथे मराठी माणसाला एक खास अडचण येते. पूर्वी युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाईप केलेली नामावली तशीच चिकटवली, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ उमटतो. तो दिसला की नावे युनिकोडमध्ये रूपांतरित करावी किंवा पुन्हा टाईप करावी लागतात. शिवाय प्रत्येकाचे रोमन स्पेलिंग ठरवून सगळीकडे एकच वापरावे. ज्ञानेश्वर हे नाव एका ठिकाणी `Dnyaneshwar` आणि दुसरीकडे `Gyaneshwar` असे लिहिले गेले, तर एकाच छायाचित्रकाराचे काम दोन माणसांच्या नावावर विखुरते.

माहितीपटात नट नसतात, तरी पडद्यावरची माणसे हीच त्याची भूमिकावली. चित्रपटांची नोंद ठेवणाऱ्या आयएमडीबीवर अशा माणसांपुढे भूमिकेच्या जागी `Self` लिहितात, म्हणजे ती व्यक्ती स्वतः म्हणूनच पडद्यावर आली आहे. ही नोंद किती मोलाची असते, ते रॉबर्ट फ्लाहर्टी यांच्या १९२२ च्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’वरून कळते. जगभर नानूक म्हणून ओळखल्या गेलेल्या त्या इन्यूट शिकाऱ्याचे खरे नाव अलाकारियालाक होते. नानूक हे चित्रपटासाठी दिलेले नाव. खरे नाव नोंदीत नसेल, तर त्या माणसाचे नाव घेऊन शोधणाऱ्याला त्याचाच चेहरा सापडत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. सभागृहात बसलेल्यांनी एखादे नाव ऐकणे वेगळे आणि ते नाव कायमचे शोधता येणे वेगळे. मिठागरावरच्या बाईने मुकादमाबद्दल तक्रार केली असेल, तर तिचे पूर्ण नाव आणि गाव शोधात येणे तिला महागात पडू शकते. म्हणून चित्रपट खुला करण्याआधी प्रत्येकाला पुन्हा विचारायला हवे: पूर्ण नाव द्यायचे, नुसते पहिले नाव द्यायचे की ‘मिठागर कामगार’ एवढेच लिहायचे? मुलांच्या बाबतीत पालकांना विचारावे, आणि शाळेचे नाव टाळलेलेच बरे. नाव काढायचे ठरले, तर ते वर्णनातून, सबटायटलच्या फाइलमधून, टॅगमधून आणि शेवटच्या नामावलीतूनही काढावे लागते. सबटायटलच्या फाइलमधले नाव हमखास राहून जाते.

तिसरा भाग विषयशब्दांचा. संघर्ष, आशा, जीवन हे शब्द हजारो चित्रपटांना लागू पडतात, त्यामुळे त्यांतून आपला चित्रपट वेगळा उठून दिसत नाही. मिठागर, मीठ उत्पादन, खाडी, आगरी समाज, पेण, रायगड, स्थलांतर हे शब्द नेमके आहेत. ते शक्यतो सारांशाच्या वाक्यांतच गुंफावेत, कारण शोधात टॅगचा वाटा अगदी थोडा असतो, असे यूट्यूबच सांगते. लोक ज्या शब्दाचे स्पेलिंग चुकवतात, तिथे मात्र टॅग कामी येतात. म्हणून टॅगच्या रकान्यात एवढे पुरते:

```
मिठागर, मीठागर, mithagar, salt pan, Pen Raigad
```

वर्णनाखाली टॅगचा ढीग लावणे नियमाविरुद्ध आहे. चित्रपटात नसलेल्या प्रसिद्ध माणसाचे किंवा गाजत्या घटनेचे नाव घालणेही तसेच, आणि त्यात प्रेक्षकाची फसवणूक आहे.

हे सगळे जमले की नाही, ते चित्रपट खुला झाल्यावर काही आठवड्यांनी तपासता येते. यूट्यूब स्टुडिओच्या आकडेवारीत प्रेक्षक कोणते शब्द शोधून आले, त्याची यादी मिळते. तिथे फक्त दिग्दर्शकाचे आणि चित्रपटाचेच नाव दिसत असेल, तर ओळखीचेच लोक येत आहेत आणि सारांश अजून कुणा अनोळखी माणसापर्यंत पोहोचलेला नाही, असे समजावे. ‘मीठ बनवण्याची कृती’ असे काही शोधून आलेले लोक पहिल्या अर्ध्या मिनिटात निघून जात असतील, तर आपण लिहिलेल्या शब्दांनी त्यांना चुकीची अपेक्षा दिली आहे. ‘आगरी मिठागर’ शोधून आलेला माणूस शेवटपर्यंत थांबत असेल, तर तो शब्द पहिल्या ओळीत आणावा. वर्णन केव्हाही बदलता येते आणि त्यासाठी चित्रपट काढून पुन्हा चढवावा लागत नाही. तो काढलाच, तर आधीचे दुवे आणि प्रतिक्रिया मात्र जातात.