खुनाली, सेनाइ आणि शेवटचा ‘त’

अनोळखी भाषेतलं गाणं कानावर पडलं की कान थोडी लबाडी करतो. जे नीट ऐकू येत नाही तिथे तो ओळखीचे शब्द भरतो आणि आपल्याला वाटतं, आपण ते ऐकलंच. आसाममध्ये हा प्रकार फार होतो. असमिया भाषा संस्कृतच्याच कुळातली असल्याने दर दोन शब्दांआड एखादा आपला वाटतो, आणि मग उरलेलेही आपलेच करून टाकण्याचा मोह आवरत नाही. गाणं शोधायला बसलं की मात्र हेच ‘आपले’ केलेले शब्द आडवे येतात. शोधायला उपयोगी पडतात ते कानाला विचित्र वाटलेले आवाज. म्हणून ते जसे ऐकू आले तसेच, न सुधारता, देवनागरीत उतरवून ठेवावेत.

फोनमध्ये गाणं ओळखणारं ॲप असताना ही उठाठेव कशाला, असं कोणी विचारेल. ते ॲप रेकॉर्डिंगचा एक ध्वनिठसा घेतं आणि साठ्यातल्या ठशांशी ताडून पाहतं. नेमकं तेच रेकॉर्डिंग साठ्यात असेल तर नाव क्षणात मिळतं. माजुलीच्या फेरीबोटीवर कोणी स्वतःच्या गळ्याने गात असेल, किंवा मंडपात ढोलाच्या साथीने पथक गात असेल, तर ॲपला जुळवायला काही नसतं. आणि फोन खिशातून काढेपर्यंत गाणं संपलेलं असतं, ते वेगळंच.

आधी भाषा कोणती ते ठरवायचं. पूर्व भारतात फिरताना मराठी माणसाकडे एक आयतं साधन असतं, ते म्हणजे ळ. आपल्याला तो लगेच ऐकू येतो. गाण्यात स्पष्ट ळ आला आणि शब्द ‘अ’कारान्त न तुटता गोल स्वरावर संपत असतील, तर ती बहुधा उडिया. बंगाली आणि असमिया दोन्हींत ळ नाही. म्हणजे खरा पेच या दोघींत. बाहेरच्या माणसाला त्या सारख्याच वाटतात, आणि असं बोलून दाखवलं तर आसाममध्ये चहा कडू होतो.

दोघींना वेगळं करणारे चारच आवाज सांगतो. पहिला म्हणजे घशातून घासत येणारा, ख आणि ह यांच्या मधला एक ध्वनी. उर्दूच्या ‘ख़बर’मधल्या ख़च्या जवळचा. बंगालीत जिथे ‘श’ ऐकू येतो तिथे असमियात बहुतेकदा हा येतो. खुद्द ‘असम’ हा शब्द तिथले लोक ‘ऑख़ॉम’सारखा उच्चारतात. दुसरा म्हणजे च आणि छ. असमियात दोन्हींचा उच्चार ‘स’ होतो. तिसरा, ट-ठ-ड आणि त-थ-द हा भेदच ऐकू येत नाही. सगळे दातांच्या थोडे मागे, मधेच कुठेतरी उच्चारले जातात, आणि मराठी कान ‘हा त की ट’ म्हणून चाचपडतो. ते चाचपडणं हीच खूण समजावी. चौथा आवाज आपल्या घरचा आहे. मराठीत आपण ‘घरात’ म्हणतो, असमियात ‘घॉरॉत’. सप्तमीचा हा ‘त’ बंगालीत या रूपात येत नाही, तिथे ‘घॉरे’ म्हणतात. ओळीमागून ओळ ‘ऑत’, ‘उत’ अशी संपत असेल तर निम्मं काम झालं.

यातून उलगड्याची एक साधी रीत निघते. ऐकू आलेला ‘स’ म्हणजे बहुधा लिहिलेला च किंवा छ. ऐकू आलेला ख किंवा ह म्हणजे कदाचित लिहिलेला स, श किंवा ष. ‘कदाचित’ म्हटलं, कारण असमियात साधे ख आणि ह देखील आहेतच, आणि काही जोडाक्षरांत स हा सच राहतो.

भाषा ठरली तरी गाणं ठरत नाही. तिथून पुढे परिसर बोलतो. एप्रिलच्या मध्यावर, बोहाग महिना लागताना रंगाली बिहू येतो. त्या दिवसांत ढोलासोबत एक तीक्ष्ण, किंचित नाकातला, थरथरत वर चढणारा सूर ऐकू आला तर ती पेपा, म्हशीच्या शिंगाचं वाद्य. पेपा ऐकली की बिहू समजायला हरकत नाही. तेच गाणं चहाच्या मळ्यातून येत असेल, साथीला मादल असेल आणि शब्द हिंदी-भोजपुरीच्या वळणाचे वाटत असतील, तर वरचे चारही नियम बाजूला ठेवा. ते झुमूर असण्याची शक्यता जास्त. एकोणिसाव्या शतकात छोटानागपूर भागातून मळ्यांवर आणलेल्या मजुरांच्या वंशजांचं ते गाणं, भाषा बहुधा सादरी. आणि संध्याकाळी नामघरातून खोल आणि टाळ यांच्या साथीने संथ सामूहिक गायन येत असेल तर शंकरदेव-माधवदेवांच्या परंपरेत शोधावं. तिथल्या बरगीतांची भाषा ब्रजावली असते, त्यामुळे बाजारात ऐकलेली असमिया तिथे तशीच सापडणार नाही.

कधी कधी परिसर एकटाच पुरतो. गायक जुबीन गर्ग 19 सप्टेंबर 2025 रोजी सिंगापूरला गेला, त्यानंतर आसामात रस्त्यारस्त्यावर गर्दी वाद्यांशिवाय एकच गाणं गात होती. आपण गेल्यावर हे गाणं गा, असं त्याने म्हणून ठेवलेलं होतं. भाषेचा गंध नसलेल्या प्रवाशालाही ‘मायाबिनी’ हा एक शब्द सहज उचलता आला असता, आणि शोधायला तेवढा बास होता.

पण असा शब्द दर वेळी मिळत नाही. माझ्या फोनात एक नोंद आहे, जोरहाटहून निमाती घाटाकडे जाणाऱ्या वडाप गाडीतली. ती अशी: ‘16 एप्रिल. गाडीतलं गाणं. बाई गाते, पुरुष मधेच साद घालतो. सेनाइ, पुन्हा पुन्हा, कडव्याच्या शेवटी. खुनाली? हुनाली? लुइत. ओळी ऑत-ऑत. कर्कश पिपाणी.’

‘खुनाली’ वाचून प्रेमगीतात खून कुठून आला, असा प्रश्न पडतो. रीत लावली की ख-हच्या जागी स येतो, ‘सुनाली’, म्हणजे आपली सोनाली, सोनेरी. असमियात तिथला ओकार उकाराकडे झुकतो एवढंच. ‘सेनाइ’चा स उलट दिशेने फिरवायचा, म्हणजे लिहिताना ‘चेनाइ’. बिहूच्या गाण्यांत प्रिय व्यक्तीला घातलेली ही नेहमीची हाक. ‘लुइत’ म्हणजे ब्रह्मपुत्रा, तिचं आसामातलं लाडकं नाव, आणि हा एक शब्द बंगालीची शंका मिटवायला पुरेसा आहे. पिपाणी अर्थात पेपा. तारीख बिहूची. म्हणजे असमिया, बिहूगीत, बाईचा आवाज, इथपर्यंत कोणाला न विचारता पोचता आलं.

आता शोध. इथे बरेच जण अडकतात, कारण असमिया शब्द रोमन लिपीत लिहायची एकच पद्धत नाही. कोणी ऐकू येतं तसं लिहितो, कोणी अक्षरानुसार. म्हणून senai आणि chenai दोन्ही टाकून बघावं. त्या घासत्या ध्वनीसाठी असमिया लोक अनेकदा x वापरतात, त्यामुळे sonali सोबत xunali आणि xonali हेही करून पाहावं. असमिया लिपीत टंकायचं असेल तर आणखी एक मेख आहे. ती बंगालीसारखी दिसते, पण तिचा र वेगळा. असमियात ৰ, बंगालीत র. बंगाली कळफलकावरून लिहिलेला शब्द हुबेहूब दिसूनही काही ठिकाणी जुळत नाही.

माझ्या तीन शब्दांना bihu जोडलं तेव्हा ढीगभर गाणी समोर आली. आश्चर्य नाही. चेनाइ, लुइत, सोनाली हे शब्द बिहूगीतांत जागोजागी असतात. वर्ग ठरवायला ते उत्तम, एक गाणं निवडायला कुचकामी. अशा वेळी विचारणं भाग असतं, आणि काय विचारायचं यालाही महत्त्व आहे. गाण्याचं नाव विचारलं तर लोक थबकतात, कारण चालत्या गाडीत कोण नाव पाठ ठेवतो? गाणं कोणाचं हे मात्र माहीत असतं. ‘दादा, एइटू कार गान?’ एवढं विचारल्यावर चालकाने मागे न बघता गायिकेचं नाव सांगितलं, वर आदल्या वर्षीच्या बिहूचं गाणं म्हणून भरही घातली. बिहूच्या तोंडावर दरवर्षी नव्या गाण्यांची खेप येते, त्यामुळे ‘कोणत्या बिहूचं’ हे उत्तर वर्षासारखंच वापरता येतं. गायिकेचं नाव आणि senai एकत्र टाकल्यावर दोनच गाणी उरली.

त्यातलं कोणतं, हे चालीवरून ठरवू नये. चाल फसवते. भूपेन हजारिकांचं ब्रह्मपुत्रेला जाब विचारणारं गाणं घ्या. मूळ असमिया, मग त्याच चालीवर बंगाली, आणि पंडित नरेंद्र शर्मांच्या शब्दांत हिंदी. हिंदीत जाब गंगेला विचारला आहे. डिब्रूगढला ऐकलेली चाल गुणगुणून शोधलीत तर हाती हिंदी गाणं लागू शकतं, आणि आपण समाधानाने शोध थांबवतो. तिथे ‘लुइत’ ऐकल्याची नोंद असेल तर लगेच कळतं की हे ते नव्हे. माझ्या दोन गाण्यांपैकी मी ते निवडलं ज्यात सेनाइ कडव्याच्या शेवटी येत होतं आणि पुरुषाची साद नोंदीतल्या जागी पडत होती. दुसऱ्यात सेनाइ ओळीच्या सुरुवातीला होतं.

याच्याही पुढे एक मर्यादा आहे. गाडीत वाजणारं गाणं रेकॉर्ड झालेलं असतं, त्याला गायक असतो, साल असतं. बिहूच्या दिवसांत अंगणात येऊन हुसरी गाणाऱ्या पथकाचं तसं नसतं. तिथे एका चालीवर किती तरी कडवी चढतात आणि एक कडवं अनेक चालींवर फिरतं. आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखाच हा व्यवहार आहे. कोणती ओवी कोणत्या ‘गाण्यातली’, असं आजीला विचारलं तर ती काय सांगणार? अशा ठिकाणी रेकॉर्डिंगचं नाव शोधत बसण्यात अर्थ नाही. गाव, तारीख, वाद्यं, गाणारे कोण, आणि ऐकू आली तशी दोन-तीन कडवी, एवढं लिहून घ्यावं, आणि पथकाची परवानगी असेल तर अर्ध्या मिनिटाचं ध्वनिमुद्रण. पुढे कोणी असमिया माणूस भेटला, मुंबई-पुण्यात ते भेटतातच, तर कडवी तो ओळखू शकेल, आणि आपल्या गावी तीच कडवी वेगळ्या चालीवर म्हणतात असंही कदाचित सांगेल.