कोल्हापूरच्या वाळूचा ओलावा जर्मनीला कसा कळवायचा

जर्मनीतल्या एखाद्या मध्यम आकाराच्या फाउंड्रीत प्रोसेस इंजिनिअरची जागा निघाली की तिथल्या कार्मिक विभागाकडे येणारे बरेचसे अर्ज त्याच देशात शिकलेल्या मुलामुलींचे असतात. तीही नुकतीच पदवी घेतलेली असतात, पण अगदी कोरी नसतात. शिकतानाच त्यांनी एखाद्या कंपनीत पाच-सहा महिन्यांचं ‘प्राक्टिकुम’ केलेलं असतं, कॉलेज सांभाळून अर्धवेळ काम केलेलं असतं, शेवटचा प्रबंधही पुष्कळदा कारखान्यात बसूनच लिहिलेला असतो. आणि त्या प्रत्येक ठिकाणचा लेखी दाखला अर्जाला जोडलेला असतो.

त्याच गठ्ठ्यात कोल्हापूरच्या एका मुलीचा अर्ज आहे असं समजू या. यंदाच मेकॅनिकलची पदवी घेतलेली. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत केलेला. जर्मनीत काम सोडाच, ती तिकडे कधी गेलेलीही नाही. तिच्या कव्हर लेटरमध्ये बहुधा काय असतं, ते आपल्याला पाठ आहे. आपल्या नामांकित कंपनीत काम करण्याची माझी तीव्र इच्छा आहे, मी कष्टाळू आणि प्रामाणिक आहे, नवीन गोष्टी लवकर शिकते, संधी मिळाल्यास तिचं सोनं करीन. यातलं काही खोटं नसेल. पण हे वाचणाऱ्या बाईंना यातलं एकही वाक्य तपासून पाहता येत नाही. तिचं कॉलेज त्यांनी ऐकलेलं नाही, गुणांची पद्धत अनोळखी आहे, आणि जिथे प्रोजेक्ट केला त्या कारखान्याचं नाव त्यांच्या लेखी नुसती अक्षरं आहेत. स्थानिक उमेदवाराच्या बाबतीत या शंका कागदपत्रांनीच मिटतात. बाहेरच्या उमेदवाराच्या बाबतीत त्या मिटवायला एका पानाचं पत्र तेवढं हाताशी असतं. मोठ्या कंपन्या आता हे पत्र फारसं मागत नाहीत. जर्मन रेल्वेनं तर २०१८ मध्येच शिकाऊ उमेदवारांसाठी ते बंद केलं. तरी या मुलीनं ते लिहावंच असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण त्या दाखल्यांमध्ये आहे.

जर्मनीत नोकरी सोडताना मालकाकडून लेखी दाखला मिळणं हा कायद्यानं दिलेला हक्क आहे. त्यात नोकराचं नुकसान होईल असं उघड वाईट लिहिता येत नाही, म्हणून गेल्या अनेक दशकांत तिथे गोड शब्दांची एक सांकेतिक भाषा तयार झाली. ‘कायम आमच्या पूर्ण समाधानाप्रमाणे काम केलं’ म्हणजे चांगलं. त्यातला ‘कायम’ गळला की साधारण. ‘समाधानासाठी प्रयत्न केला’ असं लिहिलं तर काम जमलं नाही असा सरळ अर्थ. कामाबद्दल मौन आणि फक्त वागणुकीची स्तुती असेल तरी वाचणारा सावध होतो. आता आपल्याकडच्या कारखान्याचं सर्टिफिकेट डोळ्यांपुढे आणा. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत प्रोजेक्ट पूर्ण केला, वर्तणूक चांगली होती, पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा. लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, क्लार्कनं जुन्याच मसुद्यात नाव बदललेलं असतं. पण त्या सांकेतिक वाचनाची सवय लागलेल्या नजरेला हाच कागद नापसंतीचा वाटू शकतो. तेव्हा पत्र लिहायला बसण्याआधी त्या फाउंड्रीत जाऊन नवा दाखला मागावा. काय काम केलं, किती आठवडे केलं, काय निघालं आणि कोणाच्या देखरेखीखाली, एवढं चार-पाच ओळींत. लेटरहेडवर, सहीच्या खाली हुद्दा आणि फोन नंबरासह. आपल्याकडची माणसं याला सहसा नाही म्हणत नाहीत. फक्त मसुदा आपण करून न्यावा लागतो.

दाखला हाती आला की पत्राचा गाभा त्याच्यावर उभा राहतो. समजा जाहिरातीत पहिलंच काम असं दिलंय की ग्रीन सँड लाइनवरचं रिजेक्शन कमी करायचं. मग पत्राचा मधला परिच्छेद असा होईल (आकडे उदाहरणापुरते):

‘शेवटच्या वर्षी बारा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, मी कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत याच प्रश्नावर काम केलं. पंपाच्या केसिंगमध्ये ब्लो होल पडून शंभरातली आठ कास्टिंग बाद होत होती. वाळूचा ओलावा दिवसातून एकदा मोजला जाई. मी तो दर तासाला मोजला आणि त्या-त्या तासाच्या बाद मालाशी ताडून पाहिला. ठरलेला ओलावा साडेतीन टक्के होता, पण पाळी सुरू झाल्यावर पहिले दोन तास तो साडेचारच्या वर जात होता, कारण मिक्सरमध्ये पाणी अंदाजानं सोडलं जाई. सुपरवायझरांनी पाणी मापानं सोडायला लावल्यावर पुढच्या चार आठवड्यांत रिजेक्शन शंभरात पाचवर आलं. मोजणी आणि विश्लेषण माझं होतं. बदलाचा निर्णय त्यांचा. उरलेल्या पाचांचं कारण मला शोधता आलं नाही.’

साच्याच्या वाळूत पाणी जास्त झालं की तापलेल्या धातूच्या स्पर्शानं त्याची वाफ होते, ती वाळूतून बाहेर पडू शकली नाही की धातूत शिरते आणि पोकळी राहते. हे जगातल्या कुठल्याही फाउंड्रीत असंच घडतं. म्हणूनच तिकडच्या इंजिनिअरला शिरोली कुठे आहे हे माहीत नसलं तरी हा परिच्छेद ओळखीचा वाटतो, आणि मुलाखतीत काय विचारायचं तेही त्याला लगेच सुचतं. ओलावा कशानं मोजला, परतीची वाळू गरम असायची का, वगैरे. शेवटची दोन वाक्यं आपल्याकडची मुलं हमखास गाळतात. सगळं श्रेय एकट्यानं घेतलं तर जोर येतो असा समज असतो. पण बारा आठवड्यांसाठी आलेल्या विद्यार्थिनीनं कारखान्याची पद्धत बदलली हे कोणालाच खरं वाटत नाही, आणि एका वाक्यावर शंका आली की ती बाकीच्या पत्रावरही पसरते.

गुणांचा गोंधळ एका वाक्यात सुटतो, पण ते वाक्य लिहावं लागतं. जर्मनीत १ हा सर्वोत्तम गुण, ४ म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. त्यामुळे नुसतं ‘८.४’ तिथे अर्थशून्य ठरतं. तिथली विद्यापीठं परदेशी गुणांसाठी एक सूत्र वापरतात: सर्वाधिक गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला सर्वाधिक आणि किमान उत्तीर्ण गुणांमधल्या फरकानं भागायचं, तीननं गुणायचं आणि एक मिळवायचा. दहापैकी ८.४ आणि उत्तीर्णतेला किमान ४ लागत असतील तर १.६ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, म्हणजे १.८. पत्रात ‘दहापैकी ८.४, जर्मन पद्धतीनं सुमारे १.८’ असं लिहावं. शिवाय ‘अनाबिन’ नावाच्या सरकारी माहितीकोशात आपलं विद्यापीठ शोधावं. त्याच्यापुढे H+ अशी खूण असेल तर ती संस्था तिथे मान्य आहे, आणि ते पान छापून अर्जाला जोडता येतं. पदवीची नोंद तिथे वेगळी पाहावी लागते. ती नसेल तर पदवीच्या तुलनेचा स्वतंत्र दाखला मागवावा लागतो आणि त्यात वेळ जातो.

भाषेबद्दल ‘उत्तम जर्मन’ असं लिहू नये. कोणती पातळी, कोणत्या परीक्षेनं, कधी, आणि पुढची परीक्षा कुठल्या महिन्यात, एवढंच. जाहिरात जर्मनमध्ये असेल तर पत्रही जर्मनमध्येच हवं, आणि शिक्षकांकडून ते तपासून घेण्यात गैर काही नाही. मात्र बी-वनच्या मुलीचं पत्र साहित्यिक जर्मनमध्ये गेलं आणि फोनवर पहिल्याच प्रश्नाला ती अडखळली, तर अडखळण्यापेक्षा ती तफावत जास्त खटकते. आपल्याला जुळवता येतील अशीच वाक्यं ठेवावीत.

सर्वांत मोठी फसगत होते ती पगाराच्या ओळीत. जर्मन जाहिरातीत अपेक्षित वार्षिक पगार विचारलेला असतो, आणि आपल्याकडचा नवखा उमेदवार नम्रपणे आकडा खाली आणतो. कमी मागितलं तर घेतील, हा हिशेब. तिथे तो उलटतो. युरोपियन युनियनच्या ब्लू कार्डसाठी पगाराची किमान मर्यादा ठरलेली आहे. गेल्या तीन वर्षांत पदवी घेतलेल्यांसाठी ती सवलतीची असते. २०२५ मध्ये ती वर्षाला ४३,७५९ युरो ८० सेंट होती, आणि ती दरवर्षी बदलते. शिवाय या सवलतीच्या वाटेनं जाताना तिथलं रोजगार खातं पाहतं की परदेशी माणसाला स्थानिक सहकाऱ्यापेक्षा कमी दिलं जात नाही ना. अडतीस हजार मागणारी मुलगी स्वस्त ठरत नाही. तिनं ब्लू कार्डची वाट स्वतःच बंद केलेली असते, आणि ते ओळखणारी कंपनी तिला या प्रक्रियेची माहिती नाही असंही धरून चालते. त्या वर्षीची मर्यादा पाहून, त्या धंद्यातल्या नवशिक्या इंजिनिअरचा चालू पगार पाहून आकडा द्यावा. त्याला जोडूनच एक वाक्य व्हिसाबद्दल: ब्लू कार्डच्या अटी मी पूर्ण करते, करार झाल्यावर अमुक महिन्यापासून रुजू होऊ शकेन. कंपनीला घाई असेल तर तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून जलद प्रक्रिया सुरू करता येते. त्यासाठी अर्ज मालकाला करावा लागतो. छोट्या कंपनीला हे ठाऊक नसण्याची शक्यता असते, म्हणून त्याचाही उल्लेख करावा.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत. पत्र एका पानाचं. ‘आदरणीय महोदय’ऐवजी संबंधित व्यक्तीचं आडनाव, जाहिरातीत ते आणि फोन नंबर पुष्कळदा दिलेला असतो आणि फोन करून नेमका प्रश्न विचारणं तिथे रीतीला धरून आहे. आपली दुपार ही त्यांची सकाळ, एवढं लक्षात ठेवावं. वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती आणि ‘वरील माहिती सत्य आहे’ हे प्रतिज्ञावाक्य काढून टाकावं.

नकार आला तर त्यात बहुधा कारण नसतं. भेदभावविरोधी कायद्याखाली दावा होऊ नये म्हणून कंपन्या मोघम लिहितात. तरी वेळेवरून थोडा अंदाज येतो. अर्ध्या दिवसात नकार आला तर पत्र कोणी वाचलंच नसावं. ऑनलाइन अर्जातल्या भाषेच्या किंवा कामाच्या परवान्याच्या रकान्यातच अर्ज अडकला असण्याचा संभव जास्त, तेव्हा पत्र पुन्हा लिहून उपयोग नाही. दोन-तीन आठवड्यांनी आला तर कोणीतरी वाचून तुलना केलेली असते, आणि मधला परिच्छेद पुन्हा पाहण्यात अर्थ असतो. अर्ज पाठवण्याआधी फाउंड्रीतल्या सुपरवायझरांना मात्र सांगून ठेवावं, कारण दाखल्यावर नंबर त्यांचा आहे. परदेशातून फोन आला तर इंग्रजीत बोलायला ते तयार आहेत का, आणि आठ टक्क्यांचे पाच टक्के झाले हा आकडा त्यांच्याही रजिस्टरात तोच आहे ना, एवढं विचारून घ्यावं.