स्प्रिंट संपला, तरी ॲप का नाही?

सॉफ्टवेअर कंपनीकडून ग्राहकाला दर पंधरा दिवसांनी प्रगती अहवाल येतो. त्यात स्प्रिंट, बॅकलॉग आणि रिलीज हे तीन शब्द हमखास असतात. तिन्ही शब्द ओळखीचे वाटतात आणि गैरसमज तिथेच सुरू होतो.

समजा, एका दूध संस्थेने सभासदांसाठी मोबाइल ॲप करायला दिले आहे. सभासदाला रोजचे लिटर, फॅट आणि दहा दिवसांचे बिल फोनवर दिसावे, एवढी अपेक्षा. अहवालात तीन ओळी येतात : ‘स्प्रिंट ६ संपला, ९ पैकी ७ कामे पूर्ण. बॅकलॉग १२० पॉइंट. रिलीज १.१ युएटीमध्ये.’

स्प्रिंट म्हणजे वेगाची शर्यत नव्हे, तर कामाचा ठरावीक मुदतीचा टप्पा. स्क्रम या कार्यपद्धतीत हा टप्पा जास्तीत जास्त एक महिन्याचा असतो; बहुतेक ठिकाणी तो दोन आठवड्यांचा ठेवतात. मुदत संपली की स्प्रिंट संपतो, मग ठरवलेली सगळी कामे झालेली असोत वा नसोत. म्हणून ‘स्प्रिंट संपला’ यातून फक्त पंधरवडा उलटल्याचे कळते. खरी माहिती ‘९ पैकी ७’ या आकड्यांत आहे. पूर्ण म्हणजे काय, याची व्याख्या आधीच ठरलेली असते : काम लिहून झाले, तपासले गेले आणि इतर भागांशी जोडल्यावरही नीट चालले. बिलाचा पडदा तयार आहे, पण कपातीची रक्कम चुकते आहे, तर ते काम ‘नव्वद टक्के पूर्ण’ धरत नाहीत. ते अपूर्णच ठरते आणि बॅकलॉगमध्ये परत जाते.

बॅकलॉग या शब्दाने महाराष्ट्रात सर्वाधिक घोटाळा होतो. आपल्याकडे बॅकलॉग म्हणजे अनुशेष : सिंचनाचा, नोकरभरतीचा किंवा विद्यार्थ्याच्या राहिलेल्या विषयांचा. त्यामुळे ‘बॅकलॉग १२० पॉइंट’ वाचून संस्थेच्या सचिवांना कंपनी मागे पडली असे वाटू शकते. सॉफ्टवेअरमध्ये मात्र बॅकलॉग म्हणजे करायच्या सर्व कामांची क्रमवार यादी. पहिल्या दिवशी, काहीच उशीर झालेला नसताना, हीच यादी भलीमोठी असू शकते. सर्वांत गरजेचे काम वर असते आणि प्रत्येक स्प्रिंटसाठी वरूनच कामे उचलतात.

पॉइंट हे त्या कामांचे अंदाजी वजन. ते तास किंवा रुपये नव्हेत. एक काम दुसऱ्याच्या तुलनेत किती अवघड, एवढेच ते सांगतात. म्हणून दोन कंपन्यांच्या पॉइंटची तुलना निरर्थक असते. एकाच चमूसाठी मात्र ते उपयोगी पडतात. हा चमू स्प्रिंटमागे साधारण २० पॉइंटचे काम संपवत असेल, तर १२० पॉइंटना सहा स्प्रिंट, म्हणजे बारा आठवडे लागतील, असा हिशेब निघतो.

पण एकच अहवाल पाहून हा हिशेब फसतो. मागच्या अहवालात बॅकलॉग १२६ पॉइंट होता. त्यातले २० संपले, तर १०६ उरायला हवे होते. १२० उरले, कारण मधल्या काळात १४ पॉइंटची नवी कामे शिरली : पशुखाद्याची उधारी दाखवा, संदेश मराठीतून पाठवा. म्हणजे यादी प्रत्यक्षात सहाच पॉइंटनी घटली. हीच गती राहिली, तर बारा नव्हे, चाळीस आठवडे लागतील. इथे चमूचा वेग कमी झालेला नाही. मागण्या वाढल्या आहेत. उपाय दोनच : नवी कामे यादीत खाली ढकलायची किंवा जुन्यातली काही काढून टाकायची. हा निर्णय ग्राहकाच्या गरजेवर ठरतो, प्रोग्रामरच्या सोयीवर नव्हे.

तिसरा शब्द रिलीज. पूर्ण झालेले काम वापरणाऱ्याच्या हाती देणे, म्हणजे रिलीज. स्प्रिंट आणि रिलीज यांची सांगड एकास एक नसते. कधी तीन स्प्रिंटचे काम एका रिलीजमध्ये जाते, तर कधी एका स्प्रिंटमध्ये दोन रिलीज होतात. १.१ हा त्या आवृत्तीचा क्रमांक. युएटी म्हणजे ग्राहकाच्याच माणसांनी घ्यायची चाचणी : संस्थेचा कारकून दहा दिवसांचे खरे बिल ॲपमधल्या बिलाशी ताडून पाहतो आणि होकार देतो. तो होकार येईपर्यंत सभासदाच्या फोनवर काहीच बदलत नाही.

म्हणून ‘रिलीज १.१ युएटीमध्ये’ ही ओळ सलग तीन अहवालांत तशीच दिसली, तर दोन शक्यता असतात. चाचणीत चुका सापडून त्या दुरुस्त होत असतील किंवा चाचणी अजून कोणी केलीच नसेल. सापडलेल्या चुकांची यादी मागितली की यांतली कोणती खरी ते कळते. यादीच नसेल, तर काम कंपनीकडे नव्हे, संस्थेच्याच कार्यालयात अडलेले असते.