टाळं लागल्यावर कंपनी कुणाची?

१७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून निघालेलं जेट एअरवेजचं विमान मुंबईत उतरलं आणि कंपनीची उड्डाणं थांबली. लोकांच्या लेखी जेट त्या रात्रीच संपली. सर्वोच्च न्यायालयानं ती गुंडाळण्याचा आदेश दिला तो मात्र ७ नोव्हेंबर २०२४ रोजी. मधल्या साडेपाच वर्षांत कंपनी कागदोपत्री जिवंत होती. तिच्यावर कर्ज होतं, तिच्याविरुद्ध दावे होते, थकलेल्या पगारासाठी झगडणारे कर्मचारी होते. नव्हती ती फक्त विमानसेवा.

धंदा बंद पडणं वेगळं आणि कंपनी संपणं वेगळं, हे बऱ्याच उद्योजकांनाही उशिरा कळतं. कंपनी ही कायद्यानं जन्माला घातलेली व्यक्ती आहे. शटर ओढलं म्हणून तिचं देणं फिटत नाही की दरवर्षीची विवरणपत्रं भरायची जबाबदारी टळत नाही. तिची मालमत्ता गोळा करायची, विकायची, देणी भागवायची, उरलंच तर भागधारकांना वाटायचं आणि शेवटी न्यायाधिकरणाकडून विसर्जनाचा आदेश घ्यायचा, या सगळ्याला अवसायन म्हणतात. ते करणारा तो अवसायक. बोलण्यात सगळे लिक्विडेटरच म्हणतात. बुडालेली पतसंस्था किंवा सहकारी साखर कारखाना यांच्यामुळे हा अवसायक महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. पण तो सहकार खात्याचा. कंपनीचा कायदा निराळा, आणि तिथला दरवाजा राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचा, म्हणजे एनसीएलटीचा.

अवसायन स्वेच्छेनं होतं किंवा सक्तीनं. ‘स्वेच्छा’ म्हटल्यावर मालकांना वाटेल तेव्हा कंपनी मोडता येते, असा समज होतो. तसं नाही. दिवाळखोरी संहितेचं कलम ५९ एप्रिल २०१७ पासून लागू झालं, आणि त्याची पहिली अटच अशी की कंपनीनं देणं थकवलेलं नसावं. म्हणजे स्वेच्छेचा मार्ग धडधाकट कंपनीसाठी आहे. मुलं परदेशी गेली, धंदा पुढे चालवायला कोणी नाही, किंवा ज्या कामासाठी कंपनी काढली ते उरकलं, अशांनी या वाटेनं जायचं.

बहुसंख्य संचालकांना प्रतिज्ञापत्र करावं लागतं. आम्ही कसून चौकशी केली आहे, कंपनीला देणं नाही किंवा मालमत्ता विकून ते पूर्ण फिटेल, आणि कुणाला फसवण्यासाठी आम्ही हे करत नाही, असं त्यात शपथेवर लिहायचं. सोबत मागच्या दोन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि मालमत्ता असेल तर तिचं मूल्यांकन जोडायचं. त्यानंतर चार आठवड्यांत भागधारकांनी विशेष ठराव करून अवसायक नेमायचा. तो नोंदणीकृत दिवाळखोरी व्यावसायिकच हवा. घरचा सीए किंवा मेहुणा चालत नाही. कंपनीला देणं असेल तर रकमेच्या हिशेबानं दोन तृतीयांश धनकोंचीही सात दिवसांत संमती लागते.

ठराव झाला की संचालक बाजूला होतात. अवसायक पाच दिवसांत वर्तमानपत्रांत नोटीस देतो, एक इंग्रजीत आणि एक स्थानिक भाषेत. कोपऱ्यातल्या त्या बारीक अक्षरांकडे आपण ढुंकूनही पाहत नाही; पण कंपनीकडे कुणाचं येणं असेल तर ते सांगायची मुदत तिथेच लिहिलेली असते, आणि ती अवसायन सुरू झाल्यापासून ३० दिवसांची असते. अवसायक बँकेत कंपनीच्या नावापुढे ‘स्वेच्छा अवसायनात’ असं लावून वेगळं खातं काढतो आणि येणारा प्रत्येक पैसा त्यातच भरतो. धनकोंच्या संमतीची गरज नसलेलं प्रकरण नियमानुसार ९० दिवसांत आणि संमती लागलेलं २७० दिवसांत पुरं व्हायला हवं. शेवटी तो अहवालासह एनसीएलटीकडे जातो आणि विसर्जनाचा आदेश घेतो.

आता यातली मेख. समजा, चाकणची एक सुटे भाग बनवणारी कंपनी स्वेच्छेनं बंद होते आहे. वह्या चाळताना अवसायकाला दिसतं की वर्षभरापूर्वी संचालकानं भावाकडून घेतलेलं ४० लाखांचं कर्ज घाईघाईनं फेडलं आणि पत्र्याच्या व्यापाऱ्याचं बिल तसंच ठेवलं. नातेवाइकाला असं झुकतं माप दिलं असेल तर कायदा मागचे दोन वर्षं तपासू देतो. परक्याच्या बाबतीत एक वर्ष. अवसायक न्यायाधिकरणाकडे अर्ज करून ते ४० लाख परत मागू शकतो. आणि देणी पूर्ण फिटणार नाहीत किंवा हा सगळा खटाटोप कुणाला बुडवण्यासाठी आहे असं त्याचं मत झालं, तर त्यानं अवसायन स्थगित करण्याची मागणी करायची, असं नियमच सांगतो. त्याला नेमतात भागधारक, पण तो त्यांचा माणूस उरत नाही.

सक्तीच्या अवसायनाचा नेहमीचा रस्ता कर्जातून जातो. पूर्वी कर्ज फेडता न येणं हे कंपनी कायद्याखाली अवसायनाचं कारण होतं. २०१६ च्या संहितेनं ते आपल्याकडे घेतलं. थकबाकी किमान एक कोटीची असेल तर धनको एनसीएलटीत जाऊ शकतो. लगेच टाळं लागत नाही. आधी कंपनी वाचवणारा खरेदीदार शोधतात. तो मिळाला नाही, किंवा मिळून त्यानं शब्द पाळला नाही, की अवसायन.

जेटमध्ये दुसरं घडलं. जून २०२१ मध्ये जालान-कालरॉक गटाची योजना मंजूर झाली. तीन वर्षांनंतरही ती अमलात आली नाही. पहिला हप्ता ३५० कोटींचा. गटानं २०० कोटी भरले आणि उरलेले दीडशे कोटी बँक हमीतून वळते करून घ्या म्हटलं. सर्वोच्च न्यायालयानं ते मान्य केलं नाही. २०० कोटी जप्त झाले, हमी वटवायची मुभा बँकांना मिळाली आणि मुंबईच्या एनसीएलटीला अवसायक नेमायला सांगण्यात आलं. तोवर उभी राहिलेली विमानं जुनी होत गेली होती. ज्या मालमत्तेची किंमत दर महिन्याला उतरते तिच्या बाबतीत उशीर हाच मोठा तोटा असतो, आणि आपल्या यंत्रणेचा मला सर्वांत खटकणारा दोष हाच आहे.

पैसे वाटण्याची उतरंड कलम ५३ मध्ये आहे. चाकणचीच कंपनी घेऊ, पण आता कर्जात बुडालेली. यंत्रं आणि जागा विकून दहा कोटी आले. आधी प्रक्रियेचा खर्च जातो, त्यात अवसायकाचं मानधनही आलं. समजा एक कोटी. उरले नऊ. पुढच्या पायरीवर दोघं एकाच रांगेत उभे असतात: कामगारांचं शेवटच्या २४ महिन्यांचं येणं आणि आपलं तारण अवसायकाच्या हवाली केलेली बँक. कामगारांचे दोन कोटी, बँकेचे सोळा. अठरा कोटींच्या मागणीला नऊ कोटी, म्हणजे रुपयाला पन्नास पैसे. कामगारांना एक कोटी, बँकेला आठ. इथे पैसा संपला. खालच्या पायरीवरच्या कारकून-पर्यवेक्षकांच्या पगाराला काही नाही, त्याखाली बिनतारण कर्जं, सरकारी देणी, माल पुरवणारे, तळाशी भागधारक. सगळे कोरडे.

यात एक गोष्ट कामगारांच्या बाजूची आहे. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचा निधी या ढिगात धरतच नाहीत. तो आधी बाजूला काढायचा. आणि एक गोष्ट संचालकांनी लक्षात ठेवायची: कंपनी संपली म्हणून त्यांनी बँकेला दिलेली वैयक्तिक हमी संपत नाही. मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हमीदारांवरची कारवाई ग्राह्य धरली.

कर्जाशी संबंध नसलेली सक्तीही आहे. कंपनी कायद्याचं कलम २७१ सांगतं की कारभारच लबाडीचा असेल, देशाच्या सार्वभौमत्वाविरुद्ध कृती झाली असेल, किंवा सलग पाच वर्षं हिशेब अथवा वार्षिक विवरणपत्रं भरलीच नसतील, तरी न्यायाधिकरण कंपनी गुंडाळू शकतं. देवास मल्टिमीडिया हे त्याचं ठळक उदाहरण. या बंगळुरूच्या कंपनीनं इस्रोच्या अँट्रिक्सशी २००५ मध्ये उपग्रह लहरींचा करार केला. २०११ मध्ये सरकारनं तो रद्द केला, आणि लवादानं २०१५ मध्ये देवासला ५६ कोटी २५ लाख डॉलरची भरपाई दिली. मग अँट्रिक्सनं केंद्राची परवानगी घेऊन लबाडीच्या कारणावर अवसायन मागितलं. मे २०२१ मध्ये ते मंजूर झालं, जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायम केलं. इथे अवसायक खासगी व्यावसायिक नव्हता, केंद्र सरकारचा अधिकृत अवसायक होता. कंपनीच्या नावानं कोर्टात बोलायचा अधिकार त्याच्या हाती आला, म्हणजे ज्या सरकारच्या अँट्रिक्सविरुद्ध कंपनीनं निवाडा जिंकला त्याच सरकारचा अधिकारी आता कंपनीचा प्रतिनिधी. लबाडी सिद्ध झाली हे मान्य करूनही ही रचना विचित्र वाटते, आणि देवासच्या परदेशी गुंतवणूकदारांनी हा वाद देशाबाहेरच्या न्यायालयांत चालूच ठेवला.

तेव्हा तुम्ही माल पुरवत असाल, पगार थकलेला असेल किंवा ठेव अडकलेली असेल आणि ती कंपनी अवसायनात गेल्याचं कळलं, तर जुन्या मालकाला फोन करण्यात वेळ दवडू नका; त्याच्या हातात आता काहीच नाही. नोटीस शोधा, बिलं, पगाराच्या चिठ्ठ्या आणि बँकेचे उतारे जोडून ठरलेल्या नमुन्यात मुदतीच्या आत दावा दाखल करा, आणि अवसायकाकडून पोच घ्या. दावा नाकारला तर त्याविरुद्ध एनसीएलटीत दाद मागता येते. तिथे मुदत फक्त १४ दिवसांची आहे.