कव्हरिंग लेटर वाचताना

कॉम्प्युटरवर काम करतो म्हणून घरातले सगळे अर्ज माझ्याकडे येतात. गेल्या वर्षी निपाणीच्या मावशी-काकांची जर्मनीच्या व्हिसाची फाइल आली. लेक तिकडे, नातू झालेला, तिकिटं काढून झालेली. कव्हरिंग लेटर कुणाचं तरी जुनं घेऊन त्यात नावं बदलली होती. "इंग्रजी तेवढं बघ रे," काका म्हणाले. इंग्रजी ठीक होतं, पण पत्रातली माहिती फाइलमधल्या कागदांशी जुळत नव्हती.

आधी नावं पाहिली. मावशीच्या पासपोर्टवर `Savita`, तर बँकेच्या स्टेटमेंटवर `Savitha`. कर्नाटकात इंग्रजी लिहिताना 'त'साठी `th` वापरतात, त्यामुळे आपल्या भागात हा फरक घरोघरी सापडतो. पत्रात दोन्ही स्पेलिंगं आली होती. इथे नियम एकच : पत्रात, अर्जात, तिकिटावर आणि विम्यावर पासपोर्टचं स्पेलिंग, अक्षरन् अक्षर. बँकेतलं नाव दुरुस्त करून घेणं उत्तम. आमच्याकडे तेवढे दिवस नव्हते, म्हणून दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र केलं आणि पत्रात त्याचा एका ओळीत उल्लेख केला. प्रतिज्ञापत्रानं फरकाचा खुलासा होतो, कागद काही बदलत नाही. जन्मतारीखच वेगळी असेल, तर मूळ कागदच दुरुस्त करून घ्यावा.

गावाच्या नावाचंही तसंच. काकांच्या पासपोर्टवर जन्मस्थान `Belgaum`, आधारवर जिल्हा `Belagavi`. आपण घरात बेळगावच म्हणतो, पण परदेशातल्या अधिकाऱ्याला ही दोन गावं वाटू शकतात. जन्मस्थान पासपोर्टप्रमाणेच ठेवलं आणि खाली लिहिलं :

```
Belgaum was officially renamed Belagavi on 1 November 2014.
```

निपाणीचंही `Nipani` आणि `Nippani` असं दोन्ही लिहितात. तिथेही पत्रात पासपोर्टवरचाच पत्ता घेतला.

मग तारखा. पत्रात प्रवास 11 मे ते 10 जून, '30 दिवस' असा होता. विमा 12 मे ते 9 जून. लेकीच्या निमंत्रणपत्रात 'चार आठवडे'. तिघांचं तीन तऱ्हेचं! तिकीट समोर ठेवल्यावर उलगडा झाला. घरातून निघायचं 11 मेला, पण विमान मुंबईहून 12 मेच्या पहाटे. परतीचं विमान तिकडून 9 जूनला रात्री निघून इथे 10 जूनला पोचणार. काकांनी घरापासून घरापर्यंतचे दिवस मोजले होते. शेंगेन व्हिसासाठी मात्र तिकडच्या हद्दीतले दिवस धरतात आणि येण्याचा व जाण्याचा, दोन्ही दिवस मोजतात. मेचे 20 आणि जूनचे 9, म्हणजे 29 दिवस. पत्रात 29 केले, लेकीकडून निमंत्रणपत्र नव्यानं मागवलं आणि विमा दोन्ही टोकांना एकेक दिवस वाढवून घेतला, म्हणजे विमान उशिरा सुटलं तरी तो पुरेल. महिना सगळीकडे अक्षरात लिहिला, कारण `05/12` कुणी पाच डिसेंबर वाचेल.

शेवटी प्रवासाचं कारण. अर्जात कुटुंबाला भेटण्याच्या रकान्यात खूण, जोडीला लेकीचं निमंत्रण, आणि जुन्या पत्रातून उरलेलं वाक्य मात्र पर्यटनाचं! मुक्कामाचं कारण विश्वासार्ह वाटलं नाही, हे व्हिसा नाकारण्याच्या छापील कारणांपैकीच एक आहे. आणि नाकारला तरी फी परत मिळत नाही. मावशी म्हणाली, "बाळाला सांभाळायला चाललोय असं लिही." मी विचारलं, "मावशी, लेक कामावर जाणार आणि तू बाळ बघणार, असं आहे का?" ती म्हणाली, "छे रे, तिची सुट्टी चालू आहे. नातवाला बघायचं, महिनाभर राहायचं, परत यायचं." मग तेवढंच लिहिलं : लेकीला व नातवाला भेटणं, मुक्काम तिच्या घरी, 9 जूनला परत. पत्ता निमंत्रणपत्रावरून जसाच्या तसा उतरवला.

तपासताना एक युक्ती उपयोगी पडली. मी पत्र वाचायचं आणि मावशीनं 'बरोबर' म्हणायचं, असं केलं असतं तर चुका सुटल्या असत्या. पाठ झालेलं डोळे तसंच वाचतात. म्हणून उलट केलं. मावशी मूळ कागदावरून एकेक अक्षर, एकेक आकडा वाचायची आणि मी पत्रात त्यावर पेन्सिलीनं टिंब द्यायचो. पासपोर्ट क्रमांकाशी आल्यावर ती थांबली. "अरे, इथे शून्य आहे." पत्रात इंग्रजी `O` पडला होता. चार वेळा वाचूनही तो माझ्या नजरेला दिसला नव्हता.

पत्र दीड पानाचं होतं, पाऊण पानाचं झालं. ज्या वाक्याला फाइलमध्ये कागद नव्हता, ते काढून टाकलं.

व्हिसा मिळाला. नातवासाठी नेलेलं झबलं मात्र लहान झालं, एवढीच मावशीची तक्रार.