अठ्ठेचाळीस स्लाइड्स, एक प्रश्न

संचालक मंडळाच्या बैठकीला चार दिवस उरले होते आणि माझ्यासमोर दोन पीपीटी येऊन पडल्या होत्या. एक विक्री विभागाची, 22 स्लाइड्सची. दुसरी उत्पादन विभागाची, 26 स्लाइड्सची. विषय एकच: गेल्या उन्हाळ्यात संघाचं ताक बाजारात कमी पडलं, यंदा काय करायचं? सोबत चेअरमनसाहेबांचा निरोप होता, "दोन्ही मिळून एक करा. अर्ध्या तासात उरकली पाहिजे." दूध संघ कुठला ते सांगत नाही, आकडेही सोपे करून घेतले आहेत. अडचणी मात्र जशाच्या तशा.

अशा वेळी पहिला मोह होतो तो शिवणकामाचा. आधी विक्रीच्या स्लाइड्स, मग उत्पादनाच्या, मधे एक रंगीत पाटी, आणि सगळ्याला एकच रंगसंगती. दिसायला एक पीपीटी तयार होते, ऐकायला मात्र दोनच राहतात. ताक कमी पडल्याची कहाणी संचालक आधी विक्रीच्या तोंडून ऐकतात, वीस मिनिटांनी पुन्हा उत्पादनाच्या तोंडून ऐकतात, आणि दुसऱ्या वेळी आकडा वेगळा निघाला की उरलेली बैठक त्या आकड्यावरच खर्ची पडते.

दुसरा मोह असतो शीर्षकं जुळवण्याचा. दोन्हीकडे 'उन्हाळी मागणी' नावाची स्लाइड आहे ना, मग एक ठेवा, एक काढा. इथे फसगत होते, कारण 'उन्हाळी मागणी' हे एखाद्या खणाला लावलेलं लेबल आहे, खणात काय आहे ते त्यावरून कळत नाही. विक्रीच्या त्या स्लाइडचं म्हणणं होतं, 'वितरकांनी मागितलं तेवढं ताक आपण देऊ शकलो नाही.' उत्पादनाच्या स्लाइडचं म्हणणं होतं, 'मागणी उन्हाळ्यात वाढते, पण पहिल्या पावसाबरोबर कोसळते.' नाव एक, मुद्दे दोन. उलट विक्रीची 'वितरकांच्या तक्रारी' आणि उत्पादनाची 'पॅकिंग लाईनचा वापर' या स्लाइड्स नावावरून एकमेकींच्या कुणीच लागत नव्हत्या. दोघी सांगत मात्र एकच होत्या: अडलं ते पिशव्या भरण्याच्या यंत्रापाशी.

म्हणून फाईलला हात लावण्याआधी मी कागदाच्या पट्ट्या कापतो. प्रत्येक स्लाइडसाठी एक पट्टी आणि पट्टीवर एकच पूर्ण वाक्य, क्रियापदासकट: ही स्लाइड नेमकं काय म्हणते? खाली बारीक अक्षरात स्लाइड कुणाची, क्रमांक काय, पुरावा कोणता, आणि आकडा असेल तर तो कुठल्या काळाचा व कशाला भागून काढलेला. ही शेवटची नोंद कंटाळवाणी वाटते, पण पुढचं निम्मं काम तिनेच होतं.

पॉवरपॉइंटमध्ये `Outline View` उघडलं की सगळ्या स्लाइड्सचा मजकूर ओळीने दिसतो, मग पट्ट्या कशाला, असं कुणी विचारेल. त्या दृश्यात फक्त साच्यातल्या शीर्षकाच्या आणि मजकुराच्या चौकटीत लिहिलेलं दिसतं. वेगळा टेक्स्ट बॉक्स ओढून त्यात लिहिलेलं दिसत नाही. उत्पादन विभागाच्या अकरा स्लाइड्स तिथे कोऱ्या दिसत होत्या, आणि सगळ्यात महत्त्वाची वाक्यं नेमकी त्याच अकरांत होती. `Compare` ही सोयही इथे कामाची नाही. एकाच मूळ फाईलच्या दोन प्रती ताडून पाहण्यासाठी ती आहे, दोन निरनिराळ्या फाईलींसाठी नाही.

अठ्ठेचाळीसपैकी आठ स्लाइड्स नुसत्या पाट्या निघाल्या: दोन मुखपृष्ठं, दोन अनुक्रम, संघाची ओळख दोनदा आणि 'धन्यवाद' दोनदा. उरल्या चाळीस. त्यातल्या काहींचं वाक्यच होईना, कारण नुसता तक्ता होता. तेव्हा मी संबंधितांना फोन करून विचारलं, "हा तक्ता दाखवताना तुम्ही तोंडाने काय बोलणार आहात?" बोललेलं वाक्य पट्टीवर उतरवलं. एका तक्त्याच्या बाबतीत मात्र उत्तर आलं, "तो गेल्या वर्षीपण होता." ती पट्टी बाजूला ठेवली.

मग पट्ट्या मोठ्या टेबलावर पसरायच्या आणि त्यांचे ढीग करायचे. मुद्दा एक आणि पुरावाही एक असेल, तर एक पट्टी पुरे. मुद्दा एक पण पुरावे दोन असतील, तर ती खरी कमाई. वितरकांच्या तक्रारी आणि यंत्राचे तास या दोन्हींतून एकच गोष्ट सिद्ध होत असेल, तर एका शीर्षकाखाली दोन्ही शेजारी ठेवावेत. त्याने मुद्दा पक्का होतो, पुनरुक्ती होत नाही. अवघड असतात त्या एकमेकींशी भांडणाऱ्या पट्ट्या. आमच्याकडे अशा दोन जोड्या निघाल्या, आणि त्यांचं भांडण वेगवेगळ्या जातीचं होतं.

पहिली जोडी तुटीच्या आकड्याची. विक्री म्हणत होती, रोज 15 हजार लिटर ताक कमी पडलं. उत्पादन म्हणत होतं, रोज 10 हजार. दोन्ही विभागप्रमुख माझ्यासमोर बसले होते. मॅडमना वाटत होतं की उत्पादन आपलं अपयश झाकतंय. साहेबांना वाटत होतं की विक्रीवाले नेहमीसारखं फुगवून सांगतायत. पट्ट्यांवरच्या बारीक अक्षरांनी निकाल दिला. विक्रीचा आकडा एप्रिल आणि मे या 61 दिवसांचा होता. उत्पादनाचा अहवाल तिमाहीचा असतो, म्हणून त्यांनी जून धरून 91 दिवसांची सरासरी काढली होती, आणि जूनमध्ये पाऊस लागल्यावर तूट जवळपास नव्हतीच. 15 हजारांना 61 ने गुणा, 9 लाख 15 हजार लिटर येतात. त्यालाच 91 ने भागा, दहा हजारांच्या थोडं वर येतं. तूट तीच, भाजक वेगळा.

अशा ठिकाणी साडेबारा हजार लिहून मोकळं व्हावं असं वाटतं. तसं करणारे मी पाहिले आहेत. पण तो आकडा कुठल्याच दिवसाचा नसतो. बैठकीपुढे प्रश्न यंत्र पुरतं का हा होता, आणि यंत्राची परीक्षा सरासरीत होत नाही, मे महिन्यात होते. म्हणून मुख्य स्लाइडवर 61 दिवस, रोज 15 हजार लिटर असं ठेवलं आणि तिमाहीची सरासरी कशी निघाली ते एका ओळीत तळाशी दिलं. ती ओळ नसती तर तिमाही अहवाल वाचून आलेल्या एखाद्या संचालकाने पहिल्याच मिनिटाला बोट ठेवलं असतं.

दुसऱ्या जोडीत शब्द एकच होता. 'पॅकिंग लाईन शंभर टक्के भरलेली आहे,' असं दोन्ही विभाग म्हणत होते. पहिल्या फेरीत मी त्या पट्ट्या एकावर एक ठेवून दिल्या होत्या, पुनरुक्ती समजून. ती माझी चूक होती. उत्पादनाच्या हिशेबात शंभर टक्के म्हणजे दोन पाळ्यांचे शंभर टक्के. विक्रीने त्याचा अर्थ घेतला होता, आता जागाच नाही, नवीन यंत्र घ्या. यंत्र तासाला अर्ध्या लिटरच्या पाच हजार पिशव्या भरत होतं, म्हणजे अडीच हजार लिटर. 15 हजार लिटरसाठी सहा तास लागतात, आणि तेवढे तास रात्रीच्या तिसऱ्या पाळीत निघू शकत होते. यंत्र आणि पाइप धुण्याची वेळ मात्र हलवावी लागणार होती. उत्पादनाला तिसरी पाळी हवी होती, विक्रीला दुसरं यंत्र.

हा मतभेद खरा होता, हिशेबाने मिटणारा नव्हता. तो 'क्षमता वाढवण्याची गरज आहे' अशा गुळगुळीत शीर्षकाखाली पुरून टाकला असता तर दोन्ही विभाग खूश झाले असते आणि संचालकांना काहीच कळलं नसतं. एकत्र करणाऱ्याने असे मतभेद मिटवायचे नसतात, ते एकाच स्लाइडवर दोन पर्याय म्हणून समोरासमोर मांडायचे असतात, दोन्हींना तीच फूटपट्टी लावून. खर्च किती, सुरू व्हायला वेळ किती, आणि तूट किती भरून निघते.

ढीग झाल्यावर आराखडा. मॅकिन्झीमध्ये 1963 साली रुजू झालेल्या बार्बरा मिंटो यांनी अहवाल लिहिण्याची एक पद्धत बसवली, तिला त्यांनी पिरॅमिड म्हटलं. शिखरावर उत्तर, त्याखाली त्याला धरून ठेवणारे मोजके मुद्दे, प्रत्येकाखाली पुरावे. एका पातळीवरचे मुद्दे एकमेकांवर चढलेले नसावेत आणि मधे भोकही नसावं. दोन विभागांच्या पीपीटी जुळवताना यातली पहिली अट सगळे पाळतात, दुसरी विसरतात. आमच्याकडेही भोक होतं. यंत्राची तूट भरून काढली तरी तेवढं दूध आणि थंड ठेवायला जागा आहे का, याबद्दल दोन्हीकडे चकार शब्द नव्हता. विक्रीला ते उत्पादनाचं काम वाटलं, उत्पादनाला संकलनाचं. संकलन विभागाकडून नवीन स्लाइड मागवावी लागली.

शेवटी आराखडा उतरला तो असा. गेल्या उन्हाळ्यात 61 दिवस रोज 15 हजार लिटर ताक कमी पडलं. अडचण पिशव्या भरण्यापाशी आहे; दूध आणि शीतगृह पुरेसं आहे. मार्ग दोन आहेत, तिसरी पाळी किंवा दुसरं यंत्र. यंदा तिसरी पाळी पुरते, मागणी आणखी वाढली तर पुरणार नाही. म्हणून पाळीला आज मंजुरी द्यावी आणि यंत्राचा निर्णय दिवाळीनंतर, मागणीचे आकडे पाहून घ्यावा. शेवटची दोन वाक्यं माझी नव्हेत. दोन्ही प्रमुखांना एकत्र बसवून त्यांच्याकडून ती वदवून घेतली, त्यात एक अख्खी दुपार गेली.

ही वाक्यंच शीर्षकं झाली. तपासण्याची रीत सोपी आहे: नुसती शीर्षकं ओळीने मोठ्याने वाचायची. दोन ओळी ऐकताना सारख्या वाटल्या तर पुनरुक्ती राहून गेली आहे. एखाद्या शीर्षकात 'आणि' आला तर बहुतेक वेळा दोन मुद्दे एका दोरीने बांधलेले असतात.

चाळीसपैकी चौदा स्लाइड्स मुख्य भागात गेल्या, त्यांच्या नऊ झाल्या. अकरा परिशिष्टात गेल्या. पंधरा गळल्या. कुणाची स्लाइड कुठे गेली याची यादी मी दोन्ही विभागांना बैठकीआधी पाठवली, प्रत्येकीपुढे अर्ध्या ओळीचं कारण लिहून. गळलेल्या स्लाइडचा राग येतोच, पण तो बैठकीत येण्यापेक्षा आदल्या दिवशी फोनवर आलेला बरा. विक्रीच्या मॅडमनी एका वितरक मेळाव्याच्या फोटोसाठी बरीच झुंज दिली. फोटो परिशिष्टातही बसला नाही.

फाईलचं काम सगळ्यात शेवटी, आणि तिथे एक खड्डा आहे. एक्सेलमधला आलेख नुसता चिकटवला तर कधी कधी त्याच्या मागे अख्खी वर्कबुक येते. विक्रीच्या एका आलेखावर दोनदा टिचकी मारली तेव्हा वितरकनिहाय कमिशनचं पान उघडलं. ती फाईल तशीच संचालकांच्या मेलवर जाणार होती. सगळे आलेख चित्र म्हणून पुन्हा चिकटवले.

बैठकीत चौथ्या स्लाइडवर एका संचालकांनी विचारलं, "रात्री यंत्र चालवलं तर धुणार कधी?" परिशिष्टातली पाळ्यांची स्लाइड काढली आणि उत्पादनाचे साहेब उत्तर द्यायला उठले. पण त्याआधीच विक्रीच्या मॅडम म्हणाल्या, "पहाटे चार ते सहा."